टोके कापल्याने केस लवकर वाढतात का?

तापातून उठलेल्या सासूबाईंचे केस तीन महिन्यांनी मुठीने गळू लागले, तेव्हा सूनबाईंनी मला विचारले, "डॉक्टर, टोके कापली तर लवकर वाढतील ना?"

नाही. केस वाढतो तो त्वचेखालच्या मुळाशी, महिन्याला साधारण १ सेंटीमीटर. बाहेरचा केस निर्जीव असतो. कात्री लागल्याचे मुळाला कळतही नाही. दुभंगलेली टोके कापल्याने केस तुटणे मात्र कमी होते आणि लांबी टिकते.

वाढीचा वेग आनुवंशिकता, वय व प्रकृती ठरवतात. मोठ्या तापानंतर अनेक मुळे एकदम विश्रांती घेतात. त्यांचे केस दोन-तीन महिन्यांनी गळतात व पुढे बहुधा आपोआप परत येतात. सहा महिन्यांनंतरही गळती थांबली नाही, किंवा सोबत थकवा असेल, तर हिमोग्लोबिन व थायरॉइड तपासून घ्यावे.