पॉलिसी जूनमध्ये घेतली, संरक्षण कधी सुरू झाले?

मृगाचा पाऊस सुरू होतो तेव्हा रत्नागिरी तालुक्यातल्या बागायतदाराच्या हातात आंब्याचे थोडे पैसे आलेले असतात. वर्षाचे हप्ते, मुलांची फी, घराची डागडुजी अशी बरीच कामे याच दिवसांत उरकली जातात आणि आरोग्य विमाही बऱ्याचदा याच सुमारास काढला जातो. समजा, पावसजवळच्या एका ५३ वर्षांच्या बागायतदाराने १० जून २०२४ रोजी पाच लाखांची पॉलिसी घेतली. चार वर्षांपासून मधुमेह आहे, रोज गोळी घेतो, हे त्याने अर्जात लिहिले. पॉलिसीवर ‘१० जून २०२४ पासून’ असे छापून आले. त्याच्या लेखी संरक्षण त्या दिवशी सुरू झाले. प्रत्यक्षात त्या दिवशी सुरू झाले ते फक्त अपघाताचे संरक्षण.

दुसऱ्या दिवशी हातखंब्याजवळ दुचाकी घसरून पाय मोडला असता, तर खर्च मिळाला असता. पण २५ जूनला भातखाचरात काम केल्यानंतर लेप्टोस्पायरोसिस होऊन तो रुग्णालयात दाखल झाला असता, तर दावा फेटाळला गेला असता. कारण पहिल्या वर्षी अपघात सोडून कोणत्याही आजाराला ३० दिवस थांबावे लागते. हाच लेप्टो ऑगस्टमध्ये झाला, तर मात्र दावा मंजूर व्हायला हवा. रुग्णाला मधुमेह आहे, हे कारण तिथे चालत नाही, कारण लेप्टो उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून होतो, साखरेमुळे नव्हे. ‘शुगर आहे म्हणजे तीन वर्षे काहीच मिळणार नाही’ हा समज चुकीचा आहे आणि त्यापायी रास्त दावेही केले जात नाहीत.

खरी प्रतीक्षा आहे ती आधीपासून असलेल्या आजाराची. पॉलिसी घेण्यापूर्वीच्या ३६ महिन्यांत ज्या आजाराचे निदान झाले किंवा ज्यावर डॉक्टरांचा सल्ला वा उपचार घेतले, तो या व्याख्येत येतो. विमा नियामक ‘इर्डा’ने १ एप्रिल २०२४ पासून या प्रतीक्षेची कमाल मर्यादा ४८ वरून ३६ महिन्यांवर आणली. कंपनी यापेक्षा कमी ठेवू शकते, जास्त नाही. मोतीबिंदू, हर्निया, गुडघेबदल अशा ठरावीक उपचारांची वेगळी यादी असते. त्यांच्यासाठी अनेक पॉलिसींत दोन वर्षे थांबावे लागते, मग तो त्रास आधी असो वा नसो.

तेव्हा या बागायतदाराचे मधुमेहाचे संरक्षण सुरू होते १० जून २०२७ रोजी. त्याआधी पायाची जखम चिघळून शस्त्रक्रिया करावी लागली आणि ती मधुमेहामुळे चिघळली असेल, तर खर्च त्याच्याच खिशातून जाईल. नियमाचे शब्द ‘तो आजार व त्यातून थेट उद्भवलेली गुंतागुंत’ असे आहेत. वाद होतो तो या ‘थेट’ शब्दावर. कोल्हापूरला नेऊन अँजिओप्लास्टी झाली, तर हृदयविकार मधुमेहातूनच आला असे कंपनी म्हणू शकते. पण हृदयविकाराला वय, तंबाखू, रक्तदाब, आनुवंशिकता अशीही कारणे असतात आणि ‘मधुमेह होता’ एवढ्याने थेट संबंध सिद्ध होत नाही. नकार नेहमी लेखी आणि पॉलिसीतल्या कलमासह मागावा. कंपनीच्या तक्रार विभागाकडून महिनाभरात समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे ५० लाखांपर्यंतची तक्रार विनाशुल्क ऐकली जाते.

घड्याळाचे आणखी दोन नियम आहेत, आणि कोकणात फटका बसतो तो बहुधा इथेच. पहिला, महिने मोजले जातात ते खंड न पडता चाललेल्या पॉलिसीचे. समजा, जून २०२६ मध्ये वाशीच्या दलालाकडून आंब्याचे पैसे यायला उशीर झाला आणि हप्ता राहून गेला. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते. तेवढ्यात पैसे भरले, तर आधीची दोन वर्षे शाबूत राहतात, मात्र मधल्या दिवसांतल्या आजारपणाचा खर्च मिळत नाही. ते दिवसही उलटून गेले, तर नवी पॉलिसी, नवा अर्ज आणि प्रतीक्षा पहिल्या दिवसापासून. तीन हजारांसाठी दोन वर्षे वाहून जावीत, याला आळस म्हणायचे की हिशेब न कळणे? बहुतेक वेळा दुसरेच असते.

दुसरा नियम रकमेचा. समजा, हप्ता वेळेवर भरून त्याने जून २०२६ मध्ये विमा रक्कम दहा लाख केली. पहिल्या पाच लाखांसाठी मधुमेहाची प्रतीक्षा २०२७ मध्येच संपेल, पण वाढवलेल्या पाच लाखांसाठी ती २०२९ पर्यंत चालेल. कंपनी बदलतानाही हेच लागू होते: पोर्टिंग करून गेल्यास जुने महिने सोबत येतात, पण जुन्या रकमेपुरतेच. नुसती जुनी बंद करून नवी घेतली, तर काहीच येत नाही.

‘शुगर लिहू नका, अर्ज अडकेल’ असा सल्ला देणारे गावोगावी भेटतात. त्याचा हिशेब असा. खरे लिहिले, तर ३६ महिन्यांनी मधुमेह पॉलिसीत येतो. लपवले, तर सलग ६० महिने पूर्ण होईपर्यंत कंपनी कधीही माहिती दडवल्याच्या कारणावरून दावा नाकारू शकते, पॉलिसी रद्दही करू शकते. साठ महिन्यांनंतरही फसवणूक सिद्ध झाली, तर बचाव उरत नाही. आणि लपवलेले उघडे पडायला गुप्तहेर लागत नाही. रुग्णालयात दाखल करताना घाबरलेला मुलगा डॉक्टरांना ‘बाबांना आठ-दहा वर्षं शुगर आहे’ असे अंदाजाने सांगतो आणि ते केसपेपरवर जसेच्या तसे उतरते. मग चार वर्षांच्या आजाराचे दहा होतात आणि खरे लिहिणाराही अडचणीत येतो. निदानाचा पहिला रिपोर्ट जपून ठेवला, तर अशा वेळी तोच कामी येतो.

प्रतीक्षा मुळात अन्यायकारक आहे, असे म्हणता येत नाही. आजार झाल्यावरच लोक विमा घेऊ लागले, तर हप्ते कुणालाच परवडणार नाहीत. आक्षेप आहे तो ती सांगण्याच्या पद्धतीवर. जानेवारी २०२४ पासून प्रत्येक पॉलिसीसोबत सोप्या भाषेतले माहितीपत्रक देणे बंधनकारक आहे आणि ग्राहकाने मागितल्यास ते स्थानिक भाषेतही मिळायला हवे. पण त्यातही ‘३६ महिने’ असेच लिहून येते. कुणाचे, कधीपासूनचे, किती रकमेचे, हे ज्याचे त्याने मोजायचे. कंपनीच्या संगणकाकडे प्रत्येक सदस्याची पहिली तारीख असते. मग पहिल्याच पानावर ‘मधुमेह: पाच लाखांपर्यंत १० जून २०२७ पासून, उरलेल्या पाच लाखांसाठी १० जून २०२९ पासून’ असे छापायला अडचण ती काय? नियामकाने एवढी सक्ती केली, तर रुग्णालयाच्या बिलिंग खिडकीवरचे निम्मे वाद मिटतील.

ज्यांच्या घरात सत्तरी ओलांडलेली माणसे आहेत, त्यांना या तीन वर्षांत एक आधार आहे. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील कुणालाही, उत्पन्न न बघता, आयुष्मान भारतचे पाच लाखांपर्यंतचे संरक्षण मिळते आणि त्यात जुन्या आजारांसाठी प्रतीक्षा नाही. उपचार मात्र योजनेतल्या रुग्णालयातच घ्यावे लागतात.

नवी पॉलिसी हाती आली, की ती परत करायला ३० दिवस मिळतात. सोबत अर्जाची प्रत असते. तिच्यात मधुमेहासमोर ‘नाही’ अशी खूण दुसऱ्याच कुणी केलेली आढळली, तर याच दिवसांत कंपनीला लेखी कळवून ती दुरुस्त करून घ्यावी आणि पोच घ्यावी.