छोट्या कॉइनमध्ये ‘मार्केट’ दाबण्याआधी ऑर्डर बुक उघडा

बिटकॉइन, इथेरियम सोडून इतर लहानसहान कॉइनमध्ये, तेही रुपयाच्या पेअरमध्ये, जे पाच-पन्नास हजारांचे सौदे करतात त्यांना एक कळकळीची विनंती आहे. यांतल्या अनेकांची तयारी चांगली असते. चार्ट बघून एन्ट्री, स्टॉपलॉस आणि टार्गेट ठरलेले असते, तोटा किती झेपेल याचाही हिशोब केलेला असतो. आणि ऐन वेळी घाईघाईत मार्केट ऑर्डर मारून हे सगळे गणित ते स्वतःच्याच हाताने मोडतात. भाव पुढे कुठे जाणार हे कोणाच्याच हातात नाही, पण आपण कोणत्या भावाला घेतले हे बऱ्याच अंशी आपल्या हातात असते. तेवढे तरी सोडू नका.

मुळात गल्लत होते ती स्क्रीनवर ठळक दिसणाऱ्या भावामुळे. तो शेवटच्या झालेल्या सौद्याचा भाव असतो. तो सौदा कदाचित वीस कॉइनचा असेल, कदाचित दहा मिनिटांपूर्वीचा असेल. तुम्हाला त्या भावाला माल मिळेल असे त्यात कुठेच म्हटलेले नाही. माल कोणत्या भावाला आणि किती आहे, हे ऑर्डर बुकमध्ये दिसते. एका बाजूला विकणारे, दुसऱ्या बाजूला घेणारे, आणि प्रत्येक भावासमोर किती कॉइन ते लिहिलेले असते. मार्केट ऑर्डर म्हणजे ‘भाव कोणताही असो, मला एवढे कॉइन आत्ता हवेत’ असे सांगणे. मग यंत्रणा सर्वांत स्वस्त विक्रेत्यापासून सुरुवात करते आणि तुमची संख्या पुरी होईपर्यंत एकेक पायरी वर चढत जाते.

आकडे घालून पाहू. समजा एका कॉइनचा शेवटचा भाव 10 रुपये आहे आणि तुम्हाला 5,000 कॉइन घ्यायचे आहेत. स्टॉपलॉस 9.60, टार्गेट 11. म्हणजे चुकले तर 2,000 रुपये जातील, जमले तर 5,000 मिळतील. एकास अडीच, चांगला सौदा. आता ऑर्डर बुकची विक्रीची बाजू अशी आहे: 10.02 ला 500 कॉइन, 10.10 ला 1,000, 10.25 ला 1,500 आणि 10.50 ला 2,000. मार्केट ऑर्डर मारली की या चारही पायऱ्या साफ होतात. तुमच्या खिशातून 51,485 रुपये जातात आणि सरासरी भाव पडतो साधारण 10 रुपये 30 पैसे. 50,000 च्या जागी 1,485 रुपये जास्त गेले, म्हणजे जवळजवळ तीन टक्के. हेच स्लिपेज.

तीन टक्के ऐकायला फार वाटत नाहीत, म्हणून पुढचे गणित नीट बघा. स्टॉपलॉस 9.60 लाच आहे, पण खरेदी वर सरकली. आता चुकले तर 2,000 नव्हे, 3,485 रुपये जातील. टार्गेटही 11 लाच आहे, त्यामुळे जमले तर 5,000 ऐवजी 3,515 रुपयेच मिळतील. एकास अडीचचा सौदा एकास एकवर आला. चार्टवर हा सौदा 10 च्या एन्ट्रीने दिसला होता म्हणून तुम्ही घेतलात, 10.30 ची एन्ट्री दिसली असती तर बहुधा हातच लावला नसतात. दलाली तर यात अजून धरलेलीच नाही.

बाहेर पडतानाही हेच होते, आणि जास्त वाईट होते. स्टॉपलॉस मार्केट प्रकारचा असेल तर भाव 9.60 ला आला की तो मार्केट ऑर्डर बनून बाजारात जातो. त्या वेळी भाव पडत असतो, घेणारे आपापल्या ऑर्डरी काढून घेत असतात. समजा 5,000 कॉइन सरासरी 9.35 ला गेले, तर तोटा होतो 4,735 रुपये. ठरवलेल्या 2,000 च्या दुपटीहून जास्त. यात तुमचा बाजाराचा अंदाज जेवढा चुकायचा तेवढाच चुकला. बाकीचे पैसे ऑर्डरच्या प्रकाराने खाल्ले.

म्हणून पहिली गोष्ट: ऑर्डर टाकण्याआधी बुक उघडा आणि तुमच्या एन्ट्रीच्या वर एक टक्क्याच्या आत किती कॉइन विकायला आहेत ते मोजा. वरच्या उदाहरणात 10.10 पर्यंत फक्त 1,500 आहेत. एका वेळी तेवढेच घ्या. 10.10 ची लिमिट टाकली तर सरासरी 10.07 च्या आसपास पडते. तुमच्या ॲपमध्ये IOC हा पर्याय असेल, तर मिळतील तेवढे कॉइन लगेच मिळतात आणि उरलेली ऑर्डर रद्द होते. झटपट खरेदी हवी असेल तरी ती अशी कमाल भाव बांधूनच करा. उरलेल्या कॉइनसाठी 10 ची किंवा तुमच्या एन्ट्रीची लिमिट लावून थांबा. नवे विक्रेते अनेकदा थोड्या वेळाने परत येतात.

लिमिट ऑर्डरचीही एक किंमत आहे, ती आधीच माहीत असू द्या. भाव तुमच्यापर्यंत आलाच नाही तर सौदा हुकतो, आणि कधी अर्धेच कॉइन मिळतात. खाली लावलेली लिमिट भाव जोरात कोसळतानाही भरली जाते, म्हणून ती लावून विसरून जाऊ नका. पण हुकलेल्या सौद्यात पैसे जात नाहीत. पैसे जातात ते भाव निसटल्यावर चिडून लिमिट रद्द करून मार्केट मारण्यात. तेवढे टाळा.

दुसरी गोष्ट: खरेदीआधी घेणाऱ्यांची बाजूही बघा. बाहेर पडायची वेळ आली तर तुमचे सगळे कॉइन उचलायला तिथे कोणी आहे का? नसेल तर स्टॉप-लिमिटनेही पूर्ण वाचणार नाही, कारण भाव तुमच्या लिमिटच्या खाली उडी मारून गेला की ती न भरताच पडून राहते. अशा कॉइनमध्ये खरा उपाय एकच, संख्या कमी करणे. आणि 24 तासांच्या व्हॉल्यूमच्या आकड्यावर विसंबू नका. तो फुगवलेलाही असू शकतो आणि या क्षणी समोर किती माल आहे हे तो सांगत नाही. बुकमधली एखादी मोठी ऑर्डरही क्षणात गायब होऊ शकते, म्हणून दोन-चार मिनिटे बुक हलताना बघा.

भारतात राहणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. क्रिप्टोच्या नफ्यावर 30 टक्के कर आहे, आणि एका कॉइनमधला तोटा दुसऱ्या कॉइनच्या नफ्यातून वजा करता येत नाही. स्लिपेजने वाढलेला तोटा पूर्णपणे तुमचाच राहतो, कराच्या हिशोबातही तो कामी येत नाही.

तेव्हा पुढच्या सौद्याआधी एन्ट्री, स्टॉपलॉस आणि टार्गेटच्या शेजारी चौथा आकडा लिहा: याच्यावर एक पैसाही देणार नाही, असा कमाल भाव. तोच लिमिटमध्ये टाका. त्या भावाला माल मिळाला नाही तर तो सौदा तुमचा नव्हता, असे समजून सोडून द्या.