मुक्कामाच्या पुढचा प्रवास : जादा भाडे, दंड आणि तपासनीसाची परवानगी

रेल्वेने 2025 मध्ये दोनदा प्रवासभाडे वाढवले. 1 जुलैला मेल व एक्सप्रेस गाड्यांच्या बिगर वातानुकूलित वर्गांचे भाडे किलोमीटरमागे एक पैशाने वाढले, तर 26 डिसेंबरला त्यात आणखी दोन पैशांची भर पडली. या दोन्ही वाढींची भरपूर चर्चा झाली. परंतु तिकिटावरील स्थानकाच्या एक-दोन स्थानके पुढे जाणाऱ्या प्रवाशाच्या खिशाला बसणारा फटका या पैशांच्या हिशेबात मोजता येत नाही. तेथे किमान रक्कम 250 रुपये आहे आणि ती भाड्याच्या व्यतिरिक्त द्यावी लागते. ही रक्कम द्यावी लागेल की नाही, हे प्रवासी किती पुढे गेला यापेक्षा तपासनीसाशी आधी कोण बोलले यावर अवलंबून असते.

ही तरतूद रेल्वे कायदा, 1989 च्या कलम 138 मध्ये आहे. तिकिटाने किंवा पासने ज्या स्थानकापर्यंत अधिकार दिला आहे त्याच्या पुढे प्रवास करणाऱ्याने, मागणी होताच, भरलेले भाडे आणि प्रत्यक्ष प्रवासाचे भाडे यांतील फरक भरला पाहिजे. त्याशिवाय त्याला अतिरिक्त आकारही द्यावा लागतो. हा आकार फरकाच्या रकमेइतका किंवा 250 रुपये, यांपैकी जे अधिक असेल तेवढा असतो. मूळ कायद्यात ही किमान रक्कम 50 रुपये होती. ती 2003 च्या दुरुस्तीने पाचपट झाली. बोलीभाषेत यालाच दंड म्हणतात. काटेकोरपणे पाहिले तर हा न्यायालयाने ठोठावलेला दंड नव्हे, तर तपासनीसाने जागेवर वसूल करावयाचा आकार आहे.

त्याच कलमाला एक परंतुक जोडलेले आहे आणि प्रवाशाच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग तोच आहे. कलम 55 नुसार योग्य तिकीट नसतानाही, अधिकार असलेल्या रेल्वे कर्मचाऱ्याची परवानगी घेऊन प्रवास करता येतो. भाडे नंतर भरण्याच्या अटीवर ही परवानगी दिल्याचे प्रमाणपत्र त्या कर्मचाऱ्याने सामान्यतः द्यावे, असे कायदा म्हणतो. हे प्रमाणपत्र ज्याच्याजवळ असेल त्याच्याकडून अतिरिक्त आकार घेता येत नाही. ज्यांना आपण गार्ड म्हणून ओळखत होतो आणि ज्यांचे पदनाम 2022 पासून ट्रेन मॅनेजर झाले आहे, त्यांना भेटून प्रमाणपत्र घ्यावे, असे जुने प्रवासी नवख्यांना सांगत, त्याचा आधार हाच. आता आरक्षित डब्यांत तपासनीस असतोच, त्यामुळे वेगळे प्रमाणपत्र सहसा लिहिले जात नाही. तपासनीस वाढीव भाडे घेतो आणि जादा भाड्याची पावती फाडतो, किंवा हातातील यंत्रावर नोंद करतो. ही पावती म्हणजेच पुढच्या प्रवासाचे तिकीट होय.

मुंबईहून नागपूरमार्गे हावड्याला जाणाऱ्या मेलमधील दोन प्रवाशांचे उदाहरण घेऊ. दोघांचेही शयनयान वर्गाचे तिकीट मुंबई ते नागपूर आहे आणि दोघांनाही आता गोंदियाला उतरायचे आहे. नागपूरपासून गोंदिया सुमारे 130 किलोमीटरवर आहे. हिशेब सोपा राहावा म्हणून या वाढीव प्रवासाचे भाडे 60 रुपये धरू. पहिला प्रवासी वर्धा सुटल्यावर, नागपूर येण्यापूर्वी तपासनीसाला गाठतो, तिकीट दाखवून गोंदियापर्यंत जायचे असल्याचे सांगतो आणि 60 रुपये भरून पावती घेतो. दुसरा काही न बोलता बसून राहतो. नागपूर मागे पडते आणि भंडारा रोडच्या आसपास तपासनीस तिकीट मागतो. त्याला 60 रुपयांचा फरक आणि किमान आकार 250 रुपये, असे 310 रुपये भरावे लागतात.

वातानुकूलित डब्यातील एखादा प्रवासी असाच बराच दूर गेला आणि भाड्यातील फरक 400 रुपये निघाला, तर अतिरिक्त आकारही 400 रुपयेच होईल आणि एकूण रक्कम 800 रुपये भरेल. म्हणजे लांबचा जादा प्रवास करणाऱ्याला दुप्पट भाडे पडते, तर जवळच्या स्थानकापर्यंत गेलेल्याला पाचपट. भाड्यातील फरक 250 रुपयांच्या आत असेपर्यंत हा व्यस्त हिशेब चालू राहतो. किमान रक्कम ठेवण्यामागे कारण आहे. ती नसती तर पाच-दहा रुपयांच्या फरकासाठी पकडले जाण्याची भीती कोणी बाळगली नसती. तरीही या नियमाचा भार प्रामुख्याने कमी अंतर जाणाऱ्या आणि स्वस्त वर्गातून प्रवास करणाऱ्या माणसावर पडतो, हे मान्य करावे लागेल.

पहिल्या प्रवाशाने नियम पाळला, परंतु त्याचा प्रश्न पूर्णपणे सुटला असे नाही. त्याने विकत घेतला तो प्रवास, शायिका नव्हे. त्याची शायिका नागपूरपर्यंतच त्याच्या नावे होती. नागपूरला गाडीत चढणाऱ्या दुसऱ्या कोणाला तरी ती आधीच दिलेली असू शकते आणि तो माणूस येताच पहिल्याने उठणे भाग आहे. शायिका रिकामी राहिली तरी तिच्यावर आरएसी व प्रतीक्षा यादीतील प्रवाशांचा हक्क आधी येतो. तपासनीसाकडे त्यानंतरही जागा उरली तर ती मिळू शकते, एरवी सामान्य डब्यात जावे लागते. लांबचे आरक्षण मिळत नाही म्हणून अलीकडच्या स्थानकापर्यंतचे निश्चित तिकीट काढायचे आणि पुढचे गाडीत वाढवून घ्यायचे, हा बेत अनेकजण करतात तो येथेच फसतो. सुटीच्या दिवसांत, भरलेल्या गाडीत, असे तिकीट अर्ध्या रात्री उभे राहण्याची तयारी ठेवूनच काढावे लागते.

झोप लागल्यामुळे पुढे गेलेल्या प्रवाशाचे काय? कलम 138 मध्ये हेतूचा उल्लेख नाही. अधिकृत स्थानकाच्या पुढे प्रवास झाला, एवढेच पुरेसे ठरते. पहाटे तीनला उतरायचे असणाऱ्याचा डोळा लागला तरी कायद्याच्या दृष्टीने तो जादा प्रवासच असतो. तपासनीस सहानुभूतीने वागतो तेव्हा ते त्याचे सौजन्य असते, प्रवाशाचा हक्क नव्हे. 139 क्रमांकावर उतरण्याच्या स्थानकाआधी जागे करण्याची सेवा रेल्वेने याच अडचणीसाठी दिली आहे. जाग आल्याबरोबर स्वतःहून तपासनीसाकडे जाणे हाही शहाणपणाचा मार्ग आहे, कारण हेतूचा प्रश्न कलम 137 मध्ये येतो. भाडे बुडवण्याच्या इराद्याने केलेला प्रवास त्या कलमाखाली गुन्हा ठरतो. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. स्वतःहून पुढे आलेल्या माणसावर असा इरादा लादणे कठीण असते. स्वच्छतागृहात दडून बसलेल्याच्या बाबतीत तसे नसते.

मागितलेली रक्कम भरण्यास नकार दिला तर प्रकरण दंडाधिकाऱ्यांपुढे जाते. ते ही रक्कम दंडाप्रमाणे वसूल करण्याचा आदेश देऊ शकतात आणि ती न भरल्यास कैदेचाही. रेल्वेला अशा प्रवाशाला गाडीतून उतरवण्याचाही अधिकार आहे. पुरुष सोबत नसलेल्या स्त्रीला किंवा बालकाला मात्र प्रवास सुरू झाला ते स्थानक, जंक्शन, अंतिम स्थानक किंवा जिल्ह्याचे मुख्यालय असलेले स्थानक यांखेरीज कोठेही उतरवता येत नाही आणि तेही दिवसाच. रात्रीच्या गाडीत एखाद्या तरुणीला आडबाजूच्या स्थानकावर उतरण्याचा आदेश दिला गेला, तर तो कायद्यात बसणारा नाही, हे तिला आणि डब्यातील इतरांनाही ठाऊक असावे.

या सगळ्या व्यवस्थेची खरी उणीव वेगळीच आहे. संपूर्ण फरक 'आधी विचारले' या एका गोष्टीवर ठरतो. आणि प्रवाशाने केव्हा विचारले याची लेखी नोंद पावती फाटेपर्यंत कोठेही होत नाही. एका तपासनीसाकडे अनेक डबे असतात. नागपूर येईपर्यंत तो पुढच्या डब्यांत अडकलेला असेल, तर त्याला शोधत फिरलेला प्रवासी आणि गप्प बसून राहिलेला प्रवासी नागपूरनंतर एकसारखेच दिसतात. 'मी तुम्हाला शोधत होतो' हे वाक्य तपासनीस दररोज ऐकतो आणि त्यातील खरे कोणते हे ओळखण्याचे साधन त्याच्याजवळ नसते. मुक्काम येण्यापूर्वी 139 वर किंवा रेल मदद सेवेवर पीएनआर क्रमांकासह संदेश पाठवला, तर वेळेची नोंद तरी मागे राहते. ती परवानगीची जागा घेऊ शकत नाही, परंतु वाद झाल्यास दाखवण्याजोगी असते. उलट बाजूने, पावती न देता थोड्या पैशांत 'जमवून' घेण्याची तयारी दाखवली गेली तर तिचा स्वीकार करणे प्रवाशाच्याच अंगाशी येते. पुढे दुसरा तपासनीस चढला की त्याच्यासमोर हा प्रवासी जादा प्रवास करणाराच ठरतो आणि आधी दिलेल्या पैशांचा पुरावा त्याच्याकडे नसतो.

मुंबईच्या उपनगरी गाडीत तर आधी विचारण्याची सोयच नाही. ठाणे ते दादर पास असलेल्या नोकरदाराला एखाद्या दिवशी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत जावे लागते. हे अंतर सुमारे 9 किलोमीटर असून द्वितीय वर्गाचे भाडे 5 रुपये आहे. गच्च भरलेल्या डब्यात ज्याच्याकडे हे पाच रुपये भरावेत असा तपासनीस नसतो. चालत्या गाडीत बसून भ्रमणध्वनीवर पेपरलेस तिकीट काढण्याची मुभाही नाही. ती असती तर तपासनीस दिसताक्षणी तिकीट काढणाऱ्यांची संख्या वाढली असती. त्यामुळे दादरला उतरून, पूल चढून, खिडकीवर किंवा यंत्रावर तिकीट काढून मागची गाडी पकडणे एवढाच नियमात बसणारा मार्ग उरतो. सकाळच्या गर्दीत त्यासाठी पंधरा-वीस मिनिटे सहज जातात. जो उतरत नाही त्याला टर्मिनसच्या फलाटावर तपासनीस भेटला, तर पाच रुपयांच्या प्रवासाचे 255 रुपये मोजावे लागतात. लांब पल्ल्याच्या गाडीतील प्रवाशाला कायद्याने दिलेली सवलत येथे कागदावरच राहते, कारण परवानगी देणारा माणूस गाडीत नसून दाराशी उभा असतो.