हप्त्याची सरासरी : काय साधते, काय नाही



अकोल्याच्या बाजारातून तुम्ही दरमहा ठरवून पाचशे रुपयांची तूरडाळ आणता, असे समजा. भाव चढला की डाळ कमी येते, उतरला की जास्त येते. वर्षअखेर पाहावे, तर स्वस्ताईतली डाळ घरात अधिक आलेली असते. म्युच्युअल फंडात दरमहा ठराविक रक्कम भरतात, ज्याला एसआयपी म्हणतात, त्यातही हेच गणित आहे. डाळीऐवजी तेथे फंडाचे युनिट मिळतात, एवढाच फरक.

हिशेब करून पाहू. दरमहा हजार रुपये भरले आणि युनिटचा भाव चार महिन्यांत २०, १६, १० आणि पुन्हा १६ रुपये राहिला. युनिट मिळाले ५०, साडेबासष्ट, १०० आणि साडेबासष्ट, म्हणजे एकूण २७५. चार भावांची सरासरी साडेपंधरा रुपये. तुम्हाला मात्र एक युनिट सुमारे १४ रुपये ५५ पैशांना पडले. भाव २० वरून १६ वर आला, तरी चार हजारांचे ४,४०० झाले.

आता दुसरी बाजू. चौथ्या महिन्यात भाव १० वरच राहिला असता, तर हातात ३,१२५ रुपयांचाच माल उरला असता. खरेदी सरासरीने स्वस्त पडली म्हणजे नफा झाला, असे नव्हे. उलट भाव १०, साडेबारा, १६, २० असा चढतच गेला, तर हप्त्यांचे ५,८५० होतात. पहिल्याच दिवशी एकरकमी भरलेल्या चार हजारांचे मात्र आठ हजार होतात. म्हणजे ही रीत घसरणीपासून वाचवीत नाही. सारा पैसा चढ्या भावात अडकण्याचा धोका तेवढा कमी करते.

आपल्या वऱ्हाडात खरी अडचण निराळीच. अमरावती काय नि अकोला काय, कास्तकाराला दरमहा पगार नाही; पैसा येतो तो कापूस, सोयाबीन, तूर विकल्यावर. हप्त्याच्या दिवशी खात्यात रक्कम नसली तर बँक दंड लावते, आणि सलग तीन मासिक हप्ते चुकले तर एसआयपी बंद होते. म्हणून माल विकल्यावर आधी पीककर्ज फेडावे, पुढल्या खरिपाचे बी-खत व घरखर्च बाजूला काढावा. उरलेली रक्कम लिक्विड फंडात ठेवून तेथून दरमहा थोडी थोडी शेअरच्या फंडात वळवता येते. या सोयीला एसटीपी म्हणतात.

एक उदाहरण लक्षात ठेवा. जानेवारी २०२० मध्ये सेन्सेक्स ४२ हजारांवर गेला होता. २३ मार्चला तो २६ हजारांच्या खाली आला. नोव्हेंबरात तो ४३ हजारांपुढे गेला. ज्यांनी हप्ते चालू ठेवले, त्यांना पडत्या भावाचे युनिट लाभले. परंतु जूनमध्ये पेरणीसाठी ज्याला पैसे काढावे लागले, त्याला बाजार पुरता सावरण्याची वाट पाहता आली नाही. सरासरीला वेळ लागतो. मृग कोणासाठी थांबत नाही. पेरणीचा पैसा तेथे घालू नका.