उपवासाचे पातेले

सुरतेच्या कतारगामात आषाढी एकादशीस ज्या खानदेशी बिऱ्हाडी उपवास करणारे व न करणारे पाहुणे एकाच वेळी येतात, तेथे कणीक तिंबण्यापूर्वीच साबुदाण्याची खिचडी करून झाकून ठेवणे हाच खरा बंदोबस्त. कारण पुऱ्या तळलेल्या तेलात पिठाचा अंश राहतो, आणि बाजारच्या डबीतील हिंगातही बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. खिचडीस तूप, जिरे, हिरवी मिरची, दाण्याचे कूट व सैंधव पुरे. तरी गुजराती शेजारी फराळास यावयाचे असल्यास जिरे-कोथिंबीर चालते काय, हे आदल्या दिवशीच विचारावे, कारण नियम घरोघर भिन्न. भाताची पळी एकदा खिचडीत बुडाली, की ते पातेले उपवासाच्या पानास वर्ज्य झाले.