विश्लेषण : हातातला गेमिंग पीसी टीव्हीला जोडला की खेळ अडखळतो का?

सावेडी असो की संगमनेर, दिवाणखान्यात ४३ इंची फोरके टीव्ही आता नवलाईचा राहिलेला नाही. त्यामुळे हातात मावणारा गेमिंग पीसी घेणाऱ्याच्या मनात एक हिशेब असतोच : प्रवासात हातात खेळायचे, घरी आल्यावर डॉकला लावून मोठ्या पडद्यावर. भारतात जुलै २०२३ मध्ये आलेल्या ‘आरओजी अ‍ॅलाय’ची सुरुवातीची किंमत ६९ हजार ९९० रुपये होती. एवढे पैसे मोजून टीव्हीवर खेळ रखडत चालला, तर यंत्रच खराब निघाले अशी शंका येते. यंत्र बहुतेक वेळा ठणठणीत असते. बदललेले असते ते त्याच्यावरचे काम.

डॉक नेमके काय करतो?

गैरसमजाचे मूळ निंटेंडोच्या ‘स्विच’मध्ये आहे. स्विच डॉकमध्ये ठेवला की त्यातला ग्राफिक्सचा भाग मुद्दाम जास्त वेगाने चालवला जातो, म्हणून मोठ्या पडद्याचा वाढीव भार तो पेलतो. ‘स्टीम डेक’ किंवा ‘अ‍ॅलाय’सारख्या हँडहेल्ड पीसीचा डॉक तसा नाही. त्यात ना प्रोसेसर असतो, ना ग्राफिक्स कार्ड. चार्जिंग, एचडीएमआय आणि माउस-कीबोर्डची भोके एका ठिकाणी आणणारा तो जोडखांब आहे. स्टीम डेकचा प्रोसेसर हातात असताना जास्तीत जास्त १५ वॉट घेतो, डॉकवरही तेवढेच. अ‍ॅलायला थोडा फायदा मिळतो : टर्बो मोडमध्ये बॅटरीवर २५ वॉट, चार्जर लावल्यावर ३० वॉट. पण या पाच वॉटांनी फोरके टीव्हीचा भार पेलत नाही.

मग वेग घसरतो कशाने?

पिक्सेलच्या संख्येने. अ‍ॅलायचा पडदा १९२० बाय १०८० पिक्सेलचा, म्हणजे सुमारे २१ लाख ठिपके. फोरके टीव्ही ३८४० बाय २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख. प्रत्येक चित्र, म्हणजे प्रत्येक फ्रेम, चौपट ठिपक्यांनी भरायची आणि हात तेवढेच.

एक उदाहरण घेऊ. समजा, एखादा खेळ अ‍ॅलायच्या पडद्यावर सेकंदाला ६० फ्रेम देतो. म्हणजे एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद लागतात. त्यातले १२ मिलिसेकंद ठिपके रंगवण्यात आणि उरलेले ४.७ पात्रांच्या हालचाली, टक्कर, आवाज अशा कामांत जातात असे धरू. फोरकेवर दुसरे काम तेवढेच राहते, पहिले चौपट होऊन ४८ मिलिसेकंदांवर जाते. एकूण ५२.७ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला जेमतेम १९ फ्रेम. हेच यंत्र, हाच खेळ, तोच टीव्ही ठेवून रिझोल्यूशन १०८०पी केले की पुन्हा ६०. रंगवण्याचे काम मुळातच हलके असलेल्या जुन्या किंवा साध्या द्विमितीय खेळांत हा फरक जाणवतही नाही. म्हणूनच कुणी ‘काही फरक पडत नाही’ म्हणतो, कुणी ‘खेळताच येत नाही’, आणि दोघेही खरे असतात.

स्टीम डेकचा पडदा १२८० बाय ८०० चा आहे. त्याच्यासाठी १०८०पी सुद्धा जवळपास दुप्पट काम ठरते. मोठा खेळ टीव्हीवर खेळायचा असेल तर डेकवाल्यांनी ७२०पी निवडण्यात कमीपणा मानू नये. सोफ्यावरून आठ-दहा फुटांवर तो फरक डोळ्यांना फारसा खुपत नाही.

आकडा तोच, तरी धक्के का बसतात?

ही बाब सहसा कुणी सांगत नाही. अ‍ॅलायचा स्वतःचा पडदा सेकंदाला १२० वेळा ताजा होऊ शकतो, शिवाय खेळाच्या वेगाप्रमाणे आपली लय बदलतो. स्टीम डेकवरही पडद्याची गती ४० वर आणून खेळ ४० फ्रेमवर बांधता येतो. हातात ते गुळगुळीत दिसते. घरातला साधा टीव्ही मात्र ६०च्या ठोक्यावरच चालतो. त्याला ४० फ्रेम दिल्या की एक फ्रेम एक ठोका टिकते, पुढची दोन ठोके, मग पुन्हा एक. मोजणारा आकडा ४० दाखवतो आणि डोळ्याला लंगडी चाल दिसते. अशा टीव्हीवर खेळ सलग ३० वर बांधलेला बरा, नाहीतर चित्राचा दर्जा उतरवून पूर्ण ६० गाठावेत. ‘१२० हर्ट्झ’ आणि ‘व्हीआरआर’ दोन्ही असलेल्या टीव्हीवर ही अडचण बरीच कमी होते, पण डॉकनेही व्हीआरआर पुढे पोहोचवायला हवे.

स्वस्त हब कुठे दगा देतो?

‘फोरके’ असे ठळक छापलेल्या अनेक स्वस्त यूएसबी-सी हबवर बारीक अक्षरांत ३० हर्ट्झ लिहिलेले असते. तो टीव्हीला सेकंदाला तीसच चित्रे पोहोचवतो. मागे यंत्र कितीही पळो. खरेदी करताना दुकानदाराला ‘फोरके साठ हर्ट्झ आहे का’ एवढेच विचारावे. घरी आधीच घेतला असेल तर विंडोजच्या Settings मध्ये System, Display आणि Advanced display उघडून Refresh rate पाहावा. तिथे ३० दिसले आणि रिझोल्यूशन १०८०पी केल्यावर ६० झाले, तर दोष हब किंवा केबलचा.

तिथेच दुसरी गोष्टही होऊन जाते. अनेक खेळ ‘बॉर्डरलेस’ प्रकारात चालतात आणि डेस्कटॉपचे रिझोल्यूशन उचलतात. खेळाच्या आत शोधत बसण्यापेक्षा डेस्कटॉपच १०८०पी केला की प्रश्न मिटतो. विंडोज बटण आणि P दाबून Duplicate ऐवजी Second screen only निवडावे, म्हणजे छोट्या पडद्याची आणि टीव्हीची लय एकमेकांत अडकत नाही.

वीज आणि उन्हाचा काय संबंध?

अ‍ॅलायसोबत ६५ वॉटचा चार्जर येतो. त्याऐवजी मोबाइलचा चार्जर डॉकला लावला तर ३० वॉटची टर्बो मिळत नाही, वर खेळता खेळता बॅटरीही उतरते. वीज गेल्यावर टीव्ही इन्व्हर्टरवर आणि चार्जर साध्या प्लगवर असेल तर खेळ चालू राहतो, पण मध्येच थोडा मंदावतो. तोही बिघाड नव्हे.

उष्णतेचा मामला जास्त गंभीर. स्टीम डेकसाठी खोलीचे तापमान ० ते ३५ अंश असावे, असे व्हॉल्व्ह कंपनीने जुलै २०२२ मध्ये सांगितले होते. त्यापुढे प्रोसेसर १०० अंशांवर पोहोचला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. अहिल्यानगर जिल्ह्यात एप्रिल-मेच्या दुपारी पारा चाळिशीपुढे जातो आणि पत्र्याच्या खोलीत तर विचारायलाच नको. अशा वेळी डॉक टीव्हीच्या बंद कपाटात असेल तर पहिली पंधरा-वीस मिनिटे खेळ छान चालतो आणि मग फ्रेम हळूहळू गळू लागतात. ओळखण्याची खूण हीच : पिक्सेलचा त्रास पहिल्या मिनिटापासून असतो, उष्णतेचा उशिरा येतो. यंत्राची जाळी मोकळी ठेवून पंखा त्याच्याकडे वळवला आणि वेग परत आला, तर कारण सापडले. नाहीतर खेळात एकाच जागी उभे राहून हातात आणि टीव्हीवर फ्रेमचा आकडा पाहावा, आधी १०८०पीवर आणि मग फोरकेवर. फक्त फोरकेवर घसरत असेल तर सेवा केंद्रात जाण्याची गरज नाही.