गेम अडकतोय? सरसकट सेटिंग बदलू नका, आधी सावल्या बंद करा

स्वस्त फोनवर ‘बीजीएमआय’ खेळताना शत्रू समोर येतो आणि नेमकं तेव्हाच चित्र अडकतं. मग अंदाजाने कुठलं तरी सेटिंग खाली आणलं जातं आणि फरक काहीच पडत नाही. कारण प्रत्येक सेटिंगचा भार फोनच्या वेगळ्या भागावर पडतो.

एका फ्रेमला वेळ किती?

सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील, तर एक फ्रेम रंगवायला फोनला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. ३० फ्रेमसाठी हाच वेळ दुप्पट, म्हणजे ३३.३ मिलिसेकंद होतो. म्हणूनच अनेक साध्या फोनवर ‘एचडी’ निवडलं की वरचे फ्रेम रेट निवडता येत नाहीत. ‘स्मूद’ ठेवलं की ते खुले होतात.

सावली महाग का?

सावली कुठे पडेल हे ठरवण्यासाठी फोन तेच दृश्य प्रकाशाच्या दिशेने पुन्हा एकदा रेखाटतो. हे काम फ्रेमगणिक होतं. समजा, एका फ्रेमला २१ मिलिसेकंद लागतात आणि त्यातले ६ सावल्यांचे आहेत. सावल्या बंद केल्या की उरतात १५. फ्रेम १६.७ च्या आत बसली, म्हणजे ६० चा वेग जमला.

मग टेक्स्चर?

टेक्स्चर म्हणजे भिंती, गवत, कपडे यांवर चढवलेली चित्रं. त्यांचा मुख्य भार मेमरीवर असतो. चित्राची लांबी-रुंदी निम्मी केली की जागा एक चतुर्थांश लागते. पण मेमरी पुरेशी असेल, तर त्याने वेग फारसा वाढत नाही. ‘बीजीएमआय’मध्ये टेक्स्चरसाठी वेगळं बटण नाही, ते ‘स्मूद’, ‘एचडी’ या पर्यायांबरोबरच बदलतं.

कुठे अडतंय, कसं ओळखाल?

नव्या भागात शिरताना झटका बसत असेल किंवा फोन घेऊन परतल्यावर गेम पहिल्यापासून सुरू होत असेल, तर बहुधा मेमरी अपुरी आहे. ‘स्मूद’ निवडा आणि मागची अ‍ॅप बंद करा. दाट झाडी किंवा गर्दीत वेग सतत पडत असेल, तर सावल्या आणि अँटी-अलायझिंग बंद करा. पहिली १०-१५ मिनिटं छान आणि मग रखडणं सुरू, असं होत असेल तर फोन तापून स्वतःचा वेग कमी करतोय. तिथे फ्रेम रेटच एक पायरी खाली आणावा लागतो. खेळताना चार्जिंग टाळा. त्यानेही फोन तापतो.

आकड्याचा मोह मात्र सोडावा. ६० वरून ३५ वर कोसळणाऱ्या गेमपेक्षा ३० वर स्थिर राहणारा गेम हाताला जास्त सवयीचा होतो आणि नेमही तिथेच साधतो.